उणे एकची बाकी

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं. त्या दिवशी वार कोणता होता? जुनी दिनदर्शिका काढून पाहिली तर रविवार सापडतो. संगणकाकडे दिनदर्शिका नसते, तो मोजून काढतो. मोजणीची रूढ पद्धत अशी की १ जानेवारी १९७० हा दिवस शून्य धरायचा, पुढच्या दिवसांना १, २, ३ असे क्रमांक द्यायचे आणि मागच्यांना उणे १, उणे २ असे. या हिशेबाने १ मे १९६० चा क्रमांक येतो उणे ३५३२. आता सोमवारला ०, मंगळवारला १ असं करत रविवारला ६ म्हणू. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता, म्हणजे ३. तेव्हा दिवसाच्या क्रमांकात ३ मिळवायचे, ७ ने भागायचं आणि जी बाकी उरेल तो वार. प्राथमिक शाळेतल्या मुलालाही जमावं असं गणित.

उणे ३५३२ मध्ये ३ मिळवले की उणे ३५२९. याला ७ ने भागून बाकी काढायला जावा या भाषेत % हे चिन्ह वापरतात. (टक्केवारीशी त्याचा इथे काहीही संबंध नाही. नवशिके पहिल्या आठवड्यात इथे हमखास अडखळतात.) जावाचं उत्तर येतं उणे १. सोमवार ते रविवार या सात वारांत उणे एक नावाचा वार नाही.

```java
-3529 % 7                 // -1
Math.floorMod(-3529, 7)   // 6
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर ६, म्हणजे रविवार. बरोबर. जावाच्या स्वतःच्या तारखांच्या लायब्ररीत वार काढताना हेच `floorMod` वापरलेलं आहे, म्हणून १९७० च्या आधीची तारीख दिली तरी ती चुकत नाही. पण मग पहिल्या ओळीत जावा चुकली का? तसंही नाही.

शाळेत भागाकाराचा ताळा करायला शिकवतात: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. उणे ७ ला ३ ने भागून पाहू. भागाकार उणे २ धरला, तर ३ × (−२) = −६, आणि −७ गाठायला उरले उणे १. भागाकार उणे ३ धरला, तर ३ × (−३) = −९, आणि −९ पासून −७ पर्यंत यायला लागतात अधिक २. ताळा दोन्हीकडे जुळतो. म्हणजे नुसत्या ताळ्यावरून बाकी ठरत नाही, भागाकार कोणत्या बाजूला वळवायचा ते आधी ठरवावं लागतं. खरा भागाकार उणे २.३३ आहे. दशांश चिन्हापुढचं नुसतं कापून टाकलं तर उणे २ राहतो, म्हणजे आपण शून्याकडे सरकलो. नेहमी खालच्या पूर्णांकावर उतरायचं म्हटलं तर उणे ३ येतो. धन संख्यांना दोन्ही रीतींनी एकच उत्तर येत असल्यामुळे हा फरक शाळेत कुणाला भेटतच नाही.

जावाने कापून टाकण्याची रीत घेतली. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणीकरणात ऋण संख्यांच्या भागाकाराचा निर्णय कंपायलर बनवणाऱ्यांवर सोडला होता. १९९९ च्या आवृत्तीने शून्याकडे वळण्याचा नियम पक्का केला. फोरट्रानचीही तीच चाल, आणि इंटेलच्या प्रोसेसरमधली भागाकाराची सूचनाही तसंच करते. पायथनने मात्र खाली उतरण्याची रीत निवडली, त्यामुळे तिथे `-7 % 3` चं उत्तर २ येतं. एडा आणि हॅस्केल या भाषांमध्ये `rem` आणि `mod` अशी दोन वेगळी नावं आहेत. माझ्या मते शहाणपण त्यांचंच. प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोन्ही शब्द समोर दिसले की कोणता हवा याचा विचार करावाच लागतो. जावाला `floorMod` मिळालं ते थेट आठव्या आवृत्तीत, २०१४ साली. तोपर्यंत जो तो आपापली जोडाजोडी करत होता.

दोन रीतींतला फरक एका ओळीत मांडला की चटकन डोळ्यांत भरतो. उणे ७ पासून ४ पर्यंतच्या संख्यांना ३ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या अशा:

```text
a           -7 -6 -5 -4 -3 -2 -1  0  1  2  3  4
a % 3       -1  0 -2 -1  0 -2 -1  0  1  2  0  1
floorMod     2  0  1  2  0  1  2  0  1  2  0  1
```

खालच्या ओळीत ०, १, २ हे चक्र शून्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेही न मोडता चालू आहे. मधल्या ओळीत शून्यापाशी आरसा ठेवल्यासारखं झालं आहे: डावीकडे उजवीकडचंच प्रतिबिंब, फक्त उणे चिन्ह लागलेलं. एखाद्या रकमेची विभागणी करून काय उरलं ते सांगायचं असेल तर आरशाची रीत सोयीची असते. सात रुपये येणे असो की देणे, तीन जणांत वाटून एकच रुपया उरावा ही अपेक्षा रास्त आहे. पण जिथे गोल फिरायचं असतं, तिथे चक्र न मोडणारी ओळच लागते.

असं गोल फिरणं प्रोग्रामांमध्ये सर्वात जास्त भेटतं ते सर्क्युलर बफरमध्ये. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे. समजा, एका सोसायटीच्या टाकीत पाण्याची उंची मोजणारा सेन्सर बसवला आहे. दर दहा मिनिटांनी तो एक नोंद पाठवतो आणि आपल्याला फक्त शेवटच्या सहा नोंदी हव्या आहेत. नोंदींची यादी वाढवत नेली तर मेमरी भरत जाणार. प्रत्येक वेळी सगळ्या नोंदी एक घर मागे सरकवल्या तर विनाकारण काम वाढणार. म्हणून सहा खणांची एक ॲरे घ्यायची, तिचे इंडेक्स ० ते ५. नोंदी ओळीने भरत जायच्या आणि पाचवा खण भरला की पुन्हा शून्याकडे वळून सर्वात जुनी नोंद पुसायची. पुढची नोंद कुठे लिहायची ते `next` या चलात ठेवायचं:

```java
readings[next] = level;
next = (next + 1) % 6;
```

इथे % अगदी बिनबोभाट चालतं, कारण `next` कधी ऋण होतच नाही. पाचनंतर सहा, सहाची बाकी शून्य. पुढे जाताना काही अडत नाही, अडतं ते मागे वळताना.

आठ नोंदी आल्या असं धरू, सेंटीमीटरमध्ये: ८२, ८०, ७७, ७५, ७४, ७०, ६९, ६६. पहिल्या सहा नोंदी ० ते ५ या खणांत गेल्या. सातवी नोंद, ६९, शून्याच्या खणात ८२ च्या जागी बसली. आठवी, ६६, एकच्या खणात ८० च्या जागी. आता `next` आहे २ आणि ॲरे अशी दिसते:

```text
index   0   1   2   3   4   5
level  69  66  77  75  74  70
```

गळती ओळखायची तर वीस मिनिटांपूर्वी पाणी किती होतं ते पाहावं लागेल, म्हणजे ताज्या नोंदीच्या दोन नोंदी मागे जावं लागेल. ताजी नोंद `next - 1` या खणात, आणि तिच्या k नोंदी मागे `next - 1 - k`. k ला २ ठेवलं की २ − १ − २ = −१. कागदावर बोट ठेवून मागे गेलं तर एक, शून्य आणि मग वळून पाच. पाचच्या खणात ७० आहे आणि उत्तरही तेच हवं. पण `-1 % 6` जावात उणे १ च राहतं आणि प्रोग्राम `ArrayIndexOutOfBoundsException` देऊन थांबतो. नव्या जावात त्यापुढे `Index -1 out of bounds for length 6` असंही लिहून येतं. संदेशात उणे इंडेक्स दिसला की पहिला संशय मागे जाणाऱ्या % वर घ्यावा.

थांबला हे एका परीने बरंच झालं. हाच प्रकार सी मध्ये झाला असता तर ॲरेच्या सुरुवातीच्या आधी मेमरीत जे काही पडलं असेल ते पाण्याची उंची म्हणून हाती आलं असतं, कुणी हटकलंही नसतं. जावास्क्रिप्टमध्ये `undefined` मिळतं, पुढच्या वजाबाकीत त्याचं `NaN` होतं आणि ते हिशेबात पसरत जाऊन भलत्याच ठिकाणी दिसतं.

ही चूक चाचणीतून निसटते त्याचं कारणही इथेच दिसतं. चाचणी लिहिणारा बहुतेकदा चार नोंदी टाकतो आणि मागच्या तीन वाचून पाहतो. तेव्हा `next` ४ असतं, ४ − १ − ३ = ०, सगळं सुरळीत. `next` पाच असताना k चार असलं तरीही चालतं. बफर एकदा भरून वळल्यावर `next` जेव्हा लहान असतं आणि आपण त्यापेक्षा जास्त मागे बघतो, तेव्हाच पाय घसरतो. त्यामुळे तक्रार येते ती अशी: कधी चालतं, कधी नाही. अशा तक्रारीला सहसा नेटवर्क जबाबदार धरलं जातं.

दुरुस्ती म्हणून सर्वात आधी सुचतं ते उणे चिन्ह काढून टाकणं, म्हणजे `Math.abs`. यासारखा वाईट उपाय नाही. उणे १ चं होतं १, आणि एकच्या खणात आहे ६६, म्हणजे आत्ताचीच नोंद. वीस मिनिटांपूर्वी ७० आणि आता ६६, चार सेंटीमीटर पाणी उतरलं आहे, पण हा प्रोग्राम ६६ मधून ६६ वजा करून सांगणार की टाकी जागच्या जागी आहे. k तीन ठेवलं तर उणे २ चं २ होणार आणि ७४ च्या जागी तासातली सर्वात जुनी नोंद, ७७, येणार. कुठेही लाल अक्षरं नाहीत, आकडे सगळे खऱ्या टाकीचेच, फक्त भलत्या वेळेचे. वरच्या तक्त्यातला आरसा तो हाच. शिवाय `Math.abs` ला एक भोक आहे: सर्वात लहान `int`, म्हणजे उणे २१४७४८३६४८, याची धन जोडी `int` मध्ये मावत नाही, त्यामुळे त्याचं `Math.abs` ऋणच राहतं.

दुसरा उपाय जुन्या जाणत्यांचा: भागण्याआधी ६ मिळवून घ्यायचे.

```java
(next - 1 - k + 6) % 6           // k <= 5
(((next - 1 - k) % 6) + 6) % 6   // any k >= 0
Math.floorMod(next - 1 - k, 6)
```

पहिली ओळ बरोबर आहे, पण अटीवर. `next` शून्य असताना कुणी k सहा दिला तर −७ + ६ = −१ आणि पुन्हा तोच खड्डा. सहाच नोंदी ठेवल्या असताना k सहा मागणं ही मुळातच चूक आहे हे खरं, पण इंडेक्सच्या सूत्राने ती चूक अशी अर्धवट, कधी पकडायची आणि कधी नाही, हे बरं नाही. k ची तपासणी वेगळ्या ओळीत स्वच्छपणे करावी. दुसरी ओळ फेऱ्या कितीही असल्या तरी चालते, फक्त वाचताना कंस मोजावे लागतात. तिसरी ओळ तेच काम करते आणि लिहिणाऱ्याचा हेतूही सांगते. k दोन ठेवून पाहा: `floorMod(-1, 6)` म्हणजे ५, आणि पाचच्या खणात ७०.

`floorMod` ची बाकी नेहमी धन असते असं अनेक ठिकाणी म्हटलं जातं, ते अपुरं आहे. तिचं चिन्ह भाजकाप्रमाणे असतं. `floorMod(4, -3)` चं उत्तर उणे २ येतं. बफरमध्ये भाजक म्हणजे खणांची संख्या, ती ऋण असण्याचा प्रश्न नाही. ती शून्य असेल तर मात्र % प्रमाणेच `ArithmeticException` येणार.

इथपर्यंत आलेला प्रोग्रामर खुशीत असतो आणि पुढचं पाऊल जरा बेफिकिरीने टाकतो. तो म्हणतो, `next` ० ते ५ मध्ये फिरवत बसण्यापेक्षा आतापर्यंतच्या एकूण नोंदी एका `count` मध्ये मोजतो आणि खण काढायचा झाला की `floorMod(count, 6)` करतो. एकूण नोंदींचा आकडाही आयता मिळतो. विचार वाईट नाही. पण `count` हा `int` असेल तर तो २१४७४८३६४७ पर्यंतच वाढतो. त्यापुढे एक मिळवला की जावा काहीही न बोलता उणे २१४७४८३६४८ वर जाते. दर दहा मिनिटांना एक नोंद या वेगाने तिथे पोचायला चाळीस हजार वर्षं लागतील, तेव्हा टाकीवाल्यांनी निश्चिंत राहावं. आवाजाच्या रेकॉर्डिंगचं तसं नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने देतो, आणि त्या वेगाने हा आकडा साडेतेरा तासांत संपतो. सकाळी आठला सुरू केलेलं रेकॉर्डिंग रात्री साडेनऊला तिथे पोचतं.

त्या क्षणी % असेल तर ऋण इंडेक्स येऊन प्रोग्राम पडतो. `floorMod` असेल तर पडत नाही, आणि म्हणूनच नीट पाहायला हवं. २१४७४८३६४७ ला ६ ने भागल्यावर बाकी १ उरते. पुढचा नमुना दोनच्या खणात जायला हवा. पण आता `count` आहे उणे २१४७४८३६४८, आणि

```java
Math.floorMod(2147483647, 6)    // 1
Math.floorMod(-2147483648, 6)   // 4
```

एकनंतर थेट चार. दोन आणि तीन हे खण रिकामे सोडून लेखणी पुढे गेली आणि त्यांत मागच्या फेरीचे नमुने तसेच राहिले. वाचणारा ओळीने वाचत असेल तर त्याला दोन शिळे नमुने मिळतील, कानाला कदाचित एक बारीकशी टिचकी ऐकू येईल. यात `floorMod` चा दोष नाही. दिलेल्या संख्येची बाकी तिने बरोबरच काढली, दिलेली संख्याच खोटी होती. `int` चं वर्तुळ ४२९४९६७२९६ घरांचं आहे आणि त्याला ६ ने पूर्ण भाग जात नाही, ४ उरतात. म्हणून मोठं वर्तुळ पूर्ण होतं तेव्हा लहान वर्तुळ अर्ध्यातच असतं.

खण सहाऐवजी आठ असते तर? ४२९४९६७२९६ म्हणजे २ चा ३२ वा घात, आणि त्याला आठने पूर्ण भाग जातो. २१४७४८३६४७ ची बाकी ७, पुढच्या उणे २१४७४८३६४८ ची ०. सांधा जुळला, उडी नाही. खणांची संख्या २ चा घात ठेवण्याचा रिवाज आहे त्यामागे हे एक कारण. दुसरं कारण वेगाचं: तेव्हा भागाकाराची गरजच उरत नाही, `count & 7` एवढं पुरतं. ते शेवटचे तीन बिट तेवढे ठेवतं, आणि ऋण संख्या ज्या पद्धतीने साठवल्या जातात तीत `-1 & 7` चं उत्तर आपसूक ७ येतं. जावाच्या `ArrayDeque` मध्ये सुरुवातीच्या आवृत्त्यांत हीच युक्ती होती. नंतर आकाराची ती अट काढली गेली आणि तिथे साधी तपासणी आली: इंडेक्स एकने कमी करा, शून्याखाली गेला तर शेवटच्या खणावर ठेवा. एकेक पाऊलच मागे जायचं असेल तर त्याहून जास्त काही लागतही नाही. खण सहाच हवे असतील तर `count` ला `long` करावं किंवा मुकाट्याने `next` ० ते ५ मध्ये फिरवावं.

साडेतेरा तासांनी होणारी चूक टेबलावर बसून पकडायची कशी, हा प्रश्न उरतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये याचं एक छान उत्तर आहे. तिथे `jiffies` नावाचा एक गणक मशीन सुरू झाल्यापासूनचे टिकटिकाट मोजतो. पूर्वी तो शून्यापासून सुरू व्हायचा आणि सेकंदाला १०० टिक असतील तर ३२ बिटांचं वर्तुळ पूर्ण व्हायला ४९७ दिवस लागायचे, एवढा काळ बंद न होता चाललेल्या मशीनवरच चूक दिसायची. म्हणून त्याची सुरुवातच वर्तुळ संपायला पाच मिनिटं उरतील अशा आकड्यापासून करण्यात आली. आता कुणी गणक वळतो तिथे गफलत केली असेल, तर ती मशीन सुरू केल्यावर पाचव्या मिनिटाला समोर येते. आपल्या बफरच्या चाचणीतही `count` ची सुरुवात शून्यापासून करण्याऐवजी `Integer.MAX_VALUE - 3` पासून करून पाहावी. चार नमुन्यांत सोक्षमोक्ष लागतो.